काळ्या पानाच्या वरचं पान

काटोल, नरखेड, मोर्शी, वरुड या पट्ट्यात फिरताना एखादी संत्र्याची बाग लांबूनच वेगळी दिसते. बाकीच्या बागा हिरव्यागार असतात आणि ही मात्र जणू गावाच्या धुरात वर्षभर उभी राहिल्यासारखी काळवंडलेली असते. जवळ गेलं की पानांवर काजळीचा थर दिसतो, फांद्यांवर तोच आणि फळांवरही तोच. बागायतदार सांगतो, "कोळशी आली." विदर्भातल्या संत्राउत्पादकाला यापुढे काही सांगावं लागत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र हा झाडाचाच एखादा बुरशीजन्य रोग वाटतो, आणि तसं वाटल्यामुळे तो हमखास चुकीचं औषध फवारतो.

ही काजळी खरोखर बुरशीच आहे. पण ती झाडावर जगत नाही. झाडावर बसलेल्या किडीने टाकलेल्या साखरेवर ती जगते. संत्र्याच्या बाबतीत ती कीड म्हणजे काळी माशी. नावात माशी असली तरी तिचा घरातल्या माशीशी काही संबंध नाही. कापसावर आणि भाजीपाल्यावर जी पांढरी माशी आपल्या ओळखीची आहे, तिच्याच कुळातली ही काळी बहीण. शास्त्रज्ञ तिला अल्युरोकँथस वोगलुमी म्हणतात. प्रौढ माशी दोन मिलिमीटरच्याही आतली असते. पंख निळसर करड्या रंगाचे, अंग विटकरी. पण खरं नुकसान करतात ती तिची पिल्लं, आणि ती पानाच्या खालच्या बाजूला चिकटून बसलेली असतात.

बागेत पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक गोष्ट गोंधळात टाकते. काळा थर असतो पानाच्या वरच्या अंगाला, आणि तेच पान उलटून पाहिलं तर खाली बऱ्याचदा काहीच नसतं. मग माणूस म्हणतो, इथे कीड नाही, बुरशीच आहे. त्याने फक्त मान वर करायला हवी. काळ्या पानाच्या डोक्यावर, वीतभर उंचीवर, जी पानं आहेत ती उलटून पाहिली की खालच्या अंगाला तीळभरसुद्धा नसलेले काळे, चकचकीत, काटेरी ठिपके दाटीने बसलेले दिसतात. प्रत्येकाच्या कडेला मेणाची बारीक पांढरी झालर असते. ही काळ्या माशीची शेवटच्या अवस्थेतली पिल्लं, म्हणजेच कोष. त्यांच्या अंगातून निघालेला चिकट गोड द्रव खाली ठिबकतो आणि खालच्या पानाच्या पाठीवर पडतो. काजळी तिथे धरते. ज्या पानावर दुसरं पान अर्धवट झाकण धरून असतं, तिथे झाकलेला भाग स्वच्छ हिरवा राहतो आणि उरलेला काळा होतो. वरच्या पानाची कड खालच्या पानावर आखल्यासारखी उमटते. हे एकदा नीट पाहिलं की थेंब वरून पडतात याबद्दल शंका उरत नाही.

हा गोड द्रव इतका येतो कुठून, हे समजलं की पुढचं बरंच सोपं होतं. काळी माशी, मावा, पिठ्या ढेकूण या सगळ्यांचा धंदा एकच. दाभणासारखी बारीक सोंड पानात किंवा कोवळ्या फांदीत खुपसायची आणि ज्या नलिकांमधून झाड पानात तयार झालेली साखर मुळांकडे, फळांकडे, शेंड्यांकडे धाडतं, त्या नलिकेपर्यंत ती पोचवायची. हा अन्नरस झाडाच्या आत दाबाखाली वाहत असतो. त्यात साखर भरपूर असते, पण अंग वाढवायला लागणारी अमिनो आम्लं फार तुटपुंजी असतात. किड्याला साखरेची गरज थोडी आणि अमिनो आम्लांची जास्त. मग तो करतो काय, तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस ओढतो, त्यातलं हवं ते गाळून घेतो आणि उरलेलं साखरपाणी मागून टाकून देतो. जी अमिनो आम्लं रसात जवळजवळ नसतातच, ती त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू त्याला बनवून देतात. मावा आणि पांढरी माशी यांच्या पोटात हे जिवाणू पिढ्यान् पिढ्या आईकडून पिल्लाला मिळत आले आहेत.

साखरपाणी टाकण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. कळपाने बसणारा मावा थेंब मागे लाथाडतो, नाहीतर तो तसाच सोडून देतो. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाची पूड असते. दाटीने बसलेल्या वसाहतीत आपल्याच आणि शेजाऱ्याच्या चिकट पाण्यात बुडण्यापासून ती त्याला वाचवते. पांढऱ्या आणि काळ्या माशीच्या पिल्लांना तर जागचं हलताच येत नाही. त्यांच्या पाठीवर, मागच्या टोकाशी एक खळगा असतो आणि त्यात जिभेसारखा एक इवलासा अवयव. थेंब साचला की त्या अवयवाच्या झटक्याने तो दूर उडवला जातो. भिंग लावून थोडा वेळ धीराने पाहिलं तर पानाखाली ही उडवाउडवी दिसू शकते. पिल्लं पानाच्या खाली असतात, म्हणून थेंब त्यांच्या पानावर न राहता खाली जातो.

हवेत बुरशीचे बीजाणू कायम तरंगत असतात. चिकट साखरेचा थर मिळाला आणि हवेत दमटपणा असला की काजळी पाडणाऱ्या बुरश्या, त्यात कॅप्नोडियम हे नाव प्रमुख, त्यावर पसरतात. त्यांचे धागेच काळपट असतात, म्हणून थर काळा दिसतो. या बुरशा पानाच्या आत शिरत नाहीत आणि झाडाच्या पेशींमधून काही ओढून घेत नाहीत. ओल्या बोटाने घासलं तर काळा थर निघतो आणि खाली पान हिरवंच असतं. हीच साधी परीक्षा. घासूनही डाग न हलल्यास तो दुसऱ्याच एखाद्या रोगाचा असू शकतो आणि त्याचा विचार वेगळा करावा लागेल.

पान आतून निरोगी असलं तरी नुकसान होतंच. काळ्या थराखाली पानाला ऊन कमी मिळतं, त्यामुळे साखर कमी तयार होते. जी होते तिच्यातलीही बरीचशी वरच्या पानाखाली बसलेली पिल्लं ओढत असतात. झाडावर दोन्हीकडून ताण येतो. पुढच्या बहाराला फूल कमी येतं, फळ लहान राहतं, त्याची चव बेचव होते. आणि काळं फळ बाजारात धुऊनच न्यावं लागतं, त्याला भाव मिळत नाही.

हा सगळा खेळ कोवळ्या पालवीवर सुरू होतो. संत्र्याच्या बागेत तिला नवती म्हणतात. आंबिया, मृग आणि हस्त या तीन बहारांच्या वेळी, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या सुमारास, पाऊस सुरू झाल्यावर आणि ऑक्टोबरच्या आसपास झाडाला नवती फुटते. कोवळ्या पानाची कातडी मऊ असते, सोंड सहज शिरते. वाढ जोरात असल्यामुळे तिथल्या रसात अमिनो आम्लंही जुन्या पानापेक्षा जास्त असतात. म्हणून रस शोषणाऱ्या जवळपास सगळ्या किडी नवतीचीच वाट पाहत असतात. एकाच फांदीवर तीन वेगळ्या किडी दिसू शकतात, आणि त्या ओळखता यायला हव्यात, कारण प्रत्येकीचा पुढचा परिणाम वेगळा आहे.

मावा अगदी शेंड्यावर असतो. अजून न उलगडलेल्या पानांवर काळपट किंवा तपकिरी, मऊ अंगाच्या किड्यांचा झुबका बसलेला दिसतो, पानं वाकडी होतात, गुंडाळतात. संत्र्यावर माव्याचा त्रास त्याच्या चिकट पाण्यापेक्षा दुसऱ्या कारणाने मोठा आहे. काही जातींचा मावा ट्रिस्टेझा नावाचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि त्या विषाणूने झाडं हळूहळू खंगतात. पिठ्या ढेकूण फांदीच्या बेचक्यात, पानाच्या देठाशी, फळाच्या देठाखाली कापसाच्या बोळ्यासारखा लपतो. काळी माशी उलगडू लागलेल्या किंवा नुकत्या उलगडलेल्या पानाखाली अंडी घालते आणि पान जून होत जातं तशी तिची पिल्लंही त्यावरच मोठी होतात. कोळशीची बाग जी काळी पडते, ती मुख्यतः या तिसऱ्या किडीमुळे.

काळ्या माशीची अंडी ओळखायला सोपी आहेत, कारण ती कुठेही विस्कटून घातलेली नसतात. मादी पानाखाली गोल गोल फिरत, आवर्त काढत अंडी घालते. एका आवर्तात साधारण तीसेक अंडी असतात आणि एक मादी असे दोन-तीन आवर्त सहज घालते. घातल्या वेळी अंडं फिकट पिवळट असतं. मग ते तपकिरी होत होत उबण्याच्या सुमारास जवळजवळ काळं दिसतं. म्हणजे अंड्याच्या रंगावरून आवर्त नवा आहे की उबण्याच्या बेतात आहे, हे कळतं. उबवण ऋतूवर अवलंबून असते. उन्हाळी उकाड्यात आठवड्या-दीड आठवड्यात पिल्लं बाहेर येतात, थंडीत याहून उशीर लागतो.

बाहेर पडलेल्या पिल्लाला सहा पाय असतात. ते काही तास आसपास सरपटतं, जागा पक्की करतं, सोंड खुपसतं आणि मग कायमचं बसतं. पहिली कात टाकली की पायही नावापुरतेच राहतात. दुसरी आणि तिसरी अवस्था काळी, काटेरी. चौथी म्हणजे तो चकचकीत, मेणाच्या झालरीचा कोष. अंड्यापासून माशी होईपर्यंत उबदार हवेत दीड-दोन महिने जातात, थंडीत चार महिन्यांपर्यंतही ओढ लागू शकते.

फवारणीचं गणित या आयुष्यक्रमात आहे. अंड्याच्या कवचातून औषध सहजी शिरत नाही. शेवटच्या अवस्थेतल्या पिल्लांच्या काळ्या, मेणकट चिलखतावरही त्याचा जोर चालत नाही. मऊ, उघडी आणि खरोखर मरण्याजोगी असतात ती नुकती उबलेली, पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतली पिल्लं. म्हणून विदर्भात संत्र्यावरच्या शिफारशीत एक गोष्ट ठळक असते: आवर्तातली निम्मी अंडी उबली की फवारा, आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा फवारा. तोवर उरलेली निम्मीही उबलेली असतात.

आता कोळशीचा काळा रंग कधी दिसतो, हे पाहा. अंडी घातल्या दिवशी पान हिरवं असतं. पिल्लं उबून लहान असतात तेव्हा थेंबही छोटे. पिल्लं मोठी झाली, रसाचा ओघ वाढला, थर साचला, त्यावर बुरशी पसरली, आणि मग कुठे पान काळं दिसू लागलं. तोपर्यंत बहुतेक पिल्लं कोषाच्या जवळ पोचलेली असतात. म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यांना संकट जाणवतं तो दिवस फवारणीसाठी सगळ्यात वाईट दिवस असतो. हे मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण काळं पान पाहून पंप उचलतो, आणि उचलायचा असतो तो हिरव्या पानाखाली पिवळट आवर्त दिसल्यावर, त्यातली निम्मी अंडी फुटल्यावर.

आणखी एक गोंधळ. संत्र्याचं पान झाडावर बराच काळ टिकतं. माश्या उडून गेल्या, पिल्लं मेली, तरी काळा थर लगेच जात नाही. त्यामुळे काळी बाग म्हणजे आज कीड असलेली बाग असंही नाही. बोट लावून पाहावं. थर चिकट लागला, बोटाला गुळासारखा ओढला, तर वर कुठेतरी आजही रस पडतो आहे. कोरडा असला आणि पापुद्रे निघत असले, तर तो मागच्या हंगामाचा आहे. जुन्या काळ्या थरासाठी कीटकनाशक मारणं म्हणजे पैसा आणि बागेतले मित्रकीटक दोन्ही घालवणं.

समजा पावसाळ्यात मृगाची नवती फुटली आहे आणि मागच्या वर्षी बागेत कोळशी होती. अशा वेळी आठवड्यातून एकदा बागेत फेरी मारायची. कडेची थोडी आणि मधली थोडी अशी दहा-बारा झाडं घ्यायची. प्रत्येक झाडाच्या चारही बाजूंनी माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवरची एकेक नवती धरून पानं उलटायची. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असलं तर फार बरं, कारण आवर्त नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पण अंडी उबली की नाही ते भिंगाशिवाय नीट कळत नाही. उबलेल्या अंड्याचं रिकामं टरफल तिथेच राहतं आणि शेजारी फिकट, चपटं पिल्लू दिसतं. पहिल्या आठवड्यात पिवळे आवर्त दिसले तर काहीच करायचं नाही. पुढच्या फेरीत ते तपकिरी-काळे झाले असतील. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहायचं, आणि निम्मी टरफलं रिकामी दिसली की फवारणीची तयारी करायची.

पहिली फवारणी निंबोळी तेलाची. दहा लिटर पाण्याला १०० मिली निंबोळी तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून १० ग्रॅम साबणाची पूड. आधी थोड्या पाण्यात तेल आणि साबण घोटून दूधकट करायचं, मग उरलेलं पाणी घालायचं. पंपात परत वर तेलाची तवंग आली तर मिश्रण नीट झालेलं नाही, आणि अशा फवाऱ्याने पानं करपू शकतात. फवारताना नोझल आकाशाकडे धरायचं, झाडात शिरायचं आणि पानाची खालची बाजू ओली करायची. वरून मारलेला फवारा वरच्या काळ्या थराला भिजवतो आणि पिल्लांपर्यंत पोचतच नाही. भर उन्हात फवारू नये. पाऊस लागून राहिला असेल तर त्याच दिवशी मारलेलं बरंचसं धुऊन जातं, तेव्हा उघडीप पाहूनच फवारावं. किडीचा जोर इतका असेल की रासायनिक औषधाशिवाय पर्याय नाही, तर संत्र्यासाठी ज्याला परवानगी आहे असंच औषध घ्यावं, लेबलावरच्या मात्रेनेच, आणि तेही या उबवणीच्या वेळेलाच.

फवारणीच्या आधी मात्र आणखी एक गोष्ट भिंगाने पाहून घ्यायला हवी. काळ्या कोषातून माशी बाहेर पडते तेव्हा पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पडते. काही कोषांवर मात्र अशी चीर नसते. त्यांच्या पाठीवर सुईने भोक पाडल्यासारखं गोल छिद्र दिसतं. हे छिद्र म्हणजे आतून गांधीलमाशीच्या कुळातला एक सूक्ष्म परोपजीवी कीटक बाहेर पडल्याची खूण. तो काळ्या माशीच्या लहान पिल्लात अंडं घालतो, त्याची अळी पिल्लाला आतून खाते, आणि पूर्ण वाढलेला कीटक कोष कुरतडून बाहेर येतो. अमायटस आणि एन्कार्सिया या त्याच्या मुख्य प्रजाती. अशी गोल छिद्रं बागेत जागोजागी दिसत असतील तर मी तरी फवाराच मारणार नाही, निदान काही आठवडे थांबून पाहीन.

या इवल्या गांधीलमाश्यांचं काम आपल्यापेक्षा मेक्सिकोला जास्त ठाऊक आहे. काळी माशी मूळची आशियातली. १९१३ मध्ये ती जमैकात आढळली, मग क्युबात पोचली. १९३५ मध्ये मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर सिनालोआ प्रांतात सापडली आणि तिथून देशभर पसरत गेली. तिच्यावर आशियातूनच आणलेली एक परोपजीवी जात क्युबात चांगली चालली होती. मेक्सिकोच्या कोरड्या भागात मात्र तिचा निभाव लागेना. तेव्हा हर्बर्ट स्मिथ नावाचा अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ काळ्या माशीच्या माहेरी, म्हणजे भारत आणि पाकिस्तानात, नैसर्गिक शत्रू शोधायला आला. १९४९-५० च्या सुमारास त्याने इथून अमायटस हेस्पेरिडम आणि एन्कार्सियाच्या जाती मेक्सिकोला पाठवल्या. तिथे त्यांचा मोठ्या प्रमाणावर प्रसार केला गेला आणि काही वर्षांत तिथल्या बागांमधली काळी माशी आटोक्यात आली. १९७६ मध्ये फ्लोरिडात काळी माशी आढळली तेव्हा मेक्सिकोतून हेच कीटक नेले गेले आणि तिथेही त्यांनी काम केलं. संत्र्याच्या इतिहासातल्या जैविक नियंत्रणाच्या मोठ्या यशांपैकी हे एक आहे.

जे कीटक आपल्याकडून गेले ते आपल्याकडे आजही आहेत. मग विदर्भातली बाग पुन्हा पुन्हा काळी का पडते? याचं एक मोठं कारण म्हणजे दुसऱ्या किडींसाठी, कधी नुसत्या धास्तीने, वारंवार मारलेली व्यापक परिणामाची कीटकनाशकं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं पानावर बसलेल्या, उडणाऱ्या गांधीलमाशीला सहज मारतात, पण पानाखाली चिलखत घालून बसलेल्या कोषाला नाही. फवारणीनंतर आठवडाभर बाग शांत दिसते. मग त्या कोषांतून माश्या निघतात, त्यांना अडवणारं कोणी उरलेलं नसतं, आणि पुढची पिढी आधीपेक्षा दाट होते. दुसरं कारण बागेच्या रचनेत आहे. झाडं वाढून एकमेकांत मिसळली की आत ऊन जात नाही, हवा खेळत नाही, दमटपणा राहतो, आणि फवाराही आत पोचत नाही. बुरशीला आणि काळ्या माशीला दोघांनाही हेच मानवतं. त्यासाठी दरवर्षी सल काढायला हवी, पाणसोट काढायला हवेत, मध्यभाग मोकळा ठेवायला हवा. पाणसोट ही तर भराभर वाढणारी, सतत कोवळी राहणारी फांदी. युरियाचा हात सैल सोडला की ते जास्तच फुटतात आणि काळ्या माशीला अंडी घालायला बारमाही जागा मिळते.

कीड आटोक्यात आली की मग काळ्या थराचं पाहायचं, त्याआधी नाही. पाऊस पडला की तो थोडा थोडा धुतला जातो आणि नव्या नवतीवर तर तो नसतोच. पण फळं लागलेली असतील आणि थांबायला वेळ नसेल, तर मैद्याची खळ हा जुना, स्वस्त आणि चांगला उपाय आहे. एक किलो मैदा पाच लिटर पाण्यात गुठळ्या न होऊ देता उकळायचा. गार झाल्यावर पाणी घालून वीस लिटर करायचं, कापडातून गाळायचं आणि स्वच्छ ऊन असताना काळ्या पानांवर, फळांवर फवारायचं. खळ वाळते, तडकते आणि काजळीचा थर आपल्याबरोबर घेऊन पापुद्र्यांनी गळते. ढगाळ हवेत हे करू नये. खळ वाळली नाही तर ती चिकट थरातच भर घालते. आणि वर पिल्लं जिवंत असताना खळ मारली तर पंधरा दिवसांत पान पुन्हा काळं.

बुरशीनाशकाबद्दल लोक नेहमी विचारतात. काळ्या पानावर बुरशीनाशक मारलं तर थोडी बुरशी मरेलही, पण काळे धागे आहेत तिथेच राहतात आणि साखर पडत राहिली की पुन्हा धरतात. शिवाय दमट हवेत काळ्या-पांढऱ्या माशीच्या पिल्लांवर वाढून त्यांना मारणाऱ्या काही बुरश्या निसर्गात असतात, त्यांनाही या औषधाने धक्का लागतो.

घराच्या गच्चीवर किंवा गॅलरीत हीच गोष्ट छोट्या प्रमाणात घडते, फक्त पात्रं बदलतात. जास्वंदीच्या शेंड्याला पिठ्या ढेकूण लागतो आणि खालची पानं चिकट, मग काळी होतात. कढीपत्ता तर संत्र्याच्याच कुळातला, त्याच्यावर काळी माशीही येते. घरी पहिल्यांदा मुंग्यांकडे लक्ष द्यावं. देठावरून मुंग्यांची वर-खाली रांग लागली असेल तर वर बहुधा मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे. मुंग्या त्या गोड थेंबांसाठी येतात आणि बदल्यात ढालकिड्यांना, क्रायसोपाच्या अळ्यांना हुसकावून लावतात. म्हणून कुंडीवर मुंग्या चढणं बंद केलं तर अर्धं काम होतं. कुंडीखाली पाण्याचं ताट ठेवावं, आणि दुसऱ्या झाडाला किंवा भिंतीला टेकलेली फांदी कापावी, नाहीतर मुंग्या त्या पुलावरून येतात.

पिठ्या ढेकणावर नुसतं औषध फवारून भागत नाही, मेणाच्या पुडीमुळे पाणी त्याच्या अंगावरून घसरतं. जास्त भरलेला शेंडा कापून पिशवीत बंद करून कचऱ्यात टाकावा, कुंडीशेजारी टाकू नये. उरलेल्या फांद्यांवर जोराच्या पाण्याने किडे पाडावेत, बेचक्यांत ओल्या कापसाने किंवा जुन्या ब्रशने घासावं. मग एक लिटर पाण्यात चमचाभर द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खाली फवारावं. आधी दोन-चार पानांवर मारून दुसऱ्या दिवशी पाहावं, कारण काही झाडांची पानं साबणाने करपतात. आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा करावं लागतं. अंडी मेणाच्या कापूसगुंड्यात सुरक्षित असतात आणि पहिल्या फवारणीत मरत नाहीत.

नवं झाड विकत आणताना पानं उलटून पाहायची सवय ठेवावी, मग ते गॅलरीतलं लिंबाचं रोप असो की शेतात लावायची संत्र्याची कलमं. काळी माशी स्वतः फार लांब उडत नाही. गाव ओलांडून तालुका, तालुका ओलांडून जिल्हा ती गाठते, ती बहुतेक वेळा रोपवाटिकेतून निघालेल्या कलमांच्या पानाखाली अंडी आणि पिल्लं होऊन. ट्रकमधून उतरवलेल्या कलमांपैकी काहींची पानं उलटून आवर्त शोधायला दहा मिनिटं लागतात. आवर्त दिसला तर ते कलम बाजूला काढावं, पानं खुडून जाळावीत, आणि नवी पालवी स्वच्छ फुटल्याचं पाहूनच ते बागेत लावावं.